उसना शर्ट, हळदीचा डाग आणि एक तास: एक कथा लिहिण्याची कृती

आमच्या लेखनगटात एकदा एका ओळीचा विषय निघाला: परदेशात शिकणारा मुलगा मुलाखतीला निघताना दुसऱ्याच्या शर्टावर करी सांडतो. सगळे हसले. मी घरी येऊन रात्रीतच कथा लिहून टाकली. सांडलं, मुलगा रडकुंडीला आला, वरून कोट चढवला, नोकरी मिळाली. ती एका दिवाळी अंकाकडे पाठवली, तर संपादकांनी चार शब्द लिहून परत केली: ‘प्रसंग आहे, कथा नाही.’

तेव्हा राग आला होता. पण त्यांचं बरोबर होतं. सांडणं एका क्षणात होतं, त्यात वाढायला काही नसतं. वाढतो तो डाग. हळदीचा डाग नुसता बसून राहत नाही, तुम्ही त्याला काय लावता त्याप्रमाणे तो रंग पालटतो, फसवतो आणि शेवटी भलत्याच गोष्टीने जातो. हे कळल्यावर मी कथा पुन्हा लिहिली. ती कशी बांधली ते इथे क्रमाने सांगते. विषय हाच घ्या किंवा त्याच्या जवळपासचा, क्रम उपयोगी पडेल.

आधी ‘करी’ ठरवा

‘करी’ हा शब्द आपल्या घरात कोणी बोलत नाही. आपल्याकडे आमटी असते, रस्सा असतो, कालवण असतं. कथेतला मुलगा पुण्याचा आहे, तर त्याच्या तोंडी ‘करी’ फक्त परक्या माणसाशी बोलताना येईल. घरच्यांशी बोलताना तो ‘रस्सा सांडला’ असंच म्हणेल. माझ्या कथेत हा फरक एकदाच आला. मुलाखत घेणाऱ्या बाईंना तो ‘करी’ सांगतो आणि सांगताना स्वतःलाच परका वाटतो. एका ओळीत जमलं, म्हणून तिथेच सोडलं.

पण पदार्थ ठरवायचं खरं कारण भाषेचं नाही, डागाचं आहे. ताकाची कढी सांडली तर तेल जवळजवळ नसतं, कथा पाण्याने धुऊन निघते. तर्रीवाला लाल रस्सा घेतला तर मिरचीचा रंग पुढे येतो आणि हळदीची गंमत झाकली जाते. मी घेतला बटाट्याचा साधा पिवळा रस्सा, आदल्या रात्रीचा, वर तेलाचा पातळ थर आलेला. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज उतरतो. म्हणजे रश्श्यातलं तेल हेच रंगाचं वाहन. ते कापडात शिरलं की रंग धाग्यापर्यंत पोचतो.

शर्ट सुती आणि पांढरा हवा. कापूस हळदीला आपसूक धरतो, तुरटीसारखं काही मधे लागत नाही. लग्नात हळदीला घातलेले कपडे दोन धुण्यांनंतरही कसे पिवळट दिसतात ते आठवा.

मग घड्याळ लावा

या कथेत जे काही आहे ते दोन घड्याळांच्या फरकात आहे, म्हणून शहर आणि महिना आधी पक्का करा. मी जर्मनीतलं आखेन घेतलं, कारण पुण्यातून इंजिनिअरिंग करून तिकडे गेलेली दोन-तीन मुलं प्रत्येकाच्या ओळखीत निघतात. महिना नोव्हेंबरचा, २० तारखेच्या आसपासचा.

जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा हा फरक बदलतो. दिवाळीच्या दिवसांतली कथा लिहिणारे इथे हमखास घसरतात, कारण दिवाळी कधी या रविवारच्या अलीकडे येते, कधी पलीकडे.

माझ्या पहिल्या मसुद्यात कथा जुलैत घडत होती. जुलैत आखेनला सकाळी सहाच्या आत उजाडलेलं असतं, म्हणजे आठ वाजता खिडकीत ऊन. आणि हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. मुलाने शर्ट धुऊन खिडकीत टाकला असता तर त्याला निदान आशा तरी होती. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात आखेनला आठच्या सुमारास जेमतेम उजाडतं आणि आभाळ बहुधा भरलेलं. त्याच क्षणी पुण्यात साडेबाराचं लख्ख ऊन असतं. डाग तिथे, ऊन इथे. मला कथा मिळाली ती या वाक्यात. त्यामुळे महिना बदलणं ही सजावट नव्हती, महिना बदलल्यावरच कथा उभी राहिली.

आता वेळा मांडा. कागदावर दोन रकाने करा, एक आखेनचा, एक पुण्याचा. रस्सा सांडतो ७ वाजून ५५ मिनिटांनी, तेव्हा पुण्यात १२ वाजून २५ मिनिटं. मुलाखत साडेनऊला, बसने पस्तीस मिनिटं, म्हणजे ८ वाजून ५५ मिनिटांनी घर सोडायला हवं. हातात एक तास. आणि त्या तासाच्या मधोमध, आखेनचे साडेआठ वाजताना, पुण्यात एक वाजतो. पुण्यात एक वाजला की काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. शटर खाली येतं, ते चारला वर जातं. दुपारच्या झोपेवरचे विनोद आता शिळे झालेत, मला वापरायला लाज वाटत होती. पण इथे ती विनोदाची जागा नाही, इथे तो काटा आहे: सल्ला देऊ शकणारा माणूस फक्त पस्तीस मिनिटं उपलब्ध आहे.

सांडण्याचं कारण खरं वाटलं पाहिजे

उसना पांढरा शर्ट अंगात असताना कोणी रस्सा हातात का घेईल? वाचक हा प्रश्न विचारतोच. ‘धक्का लागला’ हे उत्तर चालत नाही, धक्का लेखकाने मारलेला दिसतो.

मी तीन गोष्टी जोडल्या. पहिली, निनादला (मुलाचं नाव) मुलाखतीनंतर थेट विद्यापीठात जायचं आहे आणि बाहेर जेवणं खिशाला परवडत नाही, म्हणून तो डबा भरतोय. दुसरी, रस्सा फ्रिजमधल्या घट्ट झाकणाच्या डब्यात आहे, आणि तो डबा त्याने झाकणासकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. आत वाफ कोंडली, झाकणाची एक कड उचलताच उरलेलं झाकण स्वतःच उडालं. तिसरी, तो शर्ट आधीच घालून बसलाय, कारण इस्त्री त्याने रात्रीच केली होती आणि खुर्चीच्या पाठीवर लटकवला तर चुरगळेल अशी त्याला भीती. म्हणजे शर्ट जपण्यासाठीच तो अंगात आहे. ही तिसरी गोष्ट सुचली तेव्हा मी खुश झाले, हे कबूल करते.

त्या क्षणाचं वर्णन लांबवू नका. माझ्या कथेत ते इतकंच आहे:

‘झाकण सिंकमध्ये पडलं. खिशाखाली एक थेंब होता, रुपयाएवढा. निनादने तो पाहिला तेव्हा त्याच्या कडा अजून पुढे सरकत होत्या.’

कडा सरकतात त्या तेलामुळे. तेल धाग्याधाग्याने पसरत जातं. हे मी पाहून लिहिलं. गॅलरीत जुना सुती शर्ट पसरला, चमच्याने रस्सा टाकला आणि मोबाइलवर वेळ लावून बसले. आमचे हे दारातून डोकावून म्हणाले, ‘शर्ट माझा आहे, निदान विचारायचंस तरी.’ उसन्या शर्टाची कथा लिहिताना हे व्हावं, हे बरंच झालं.

पहिली चूक पात्राला करू द्या

घाबरलेला माणूस साबणाकडे धावतो. वसतिगृहाच्या सामाईक बाथरूममध्ये साबणाची वडी सापडते. जर्मनीत डागांसाठी बैलाच्या पित्ताचा एक साबण मिळतो, त्याला गॉलझाइफ म्हणतात. निनाद ती वडी ओली करून डागावर चोळतो. आणि पिवळा डाग लालभडक होतो.

ही या कथेची कळ आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. हळदीचा रंग आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळा राहतो, अल्कली लागली की तांबडा होतो. साबणाची वडी अल्कलीधर्मी असते. शाळेत हळदीचा कागद करून त्यावर साबणाचं पाणी टाकलेलं बहुतेकांना आठवत असेल. त्याहून जुनी आठवण देव्हाऱ्यात आहे: पारंपरिक कुंकू हळदीचंच, चुन्यासारखं काही घालून लाल केलेलं. तेच शर्टावर घडतं.

महत्त्वाचं हे की डाग वाढलेला नसतो. तेवढाच रंग, तेवढ्याच जागेवर, फक्त दिसायला भयंकर. पाण्याने साबण नीट निघाला, वर लिंबू किंवा व्हिनेगर लावलं, की पुन्हा पिवळा. म्हणजे लेखकाला एक सुंदर फसवाफसवी फुकट मिळते. पात्राला वाटतं आपण वाट लावली, आणि वाट लागलेली नसते. मग लिंबू लावल्यावर त्याला वाटतं सुटलो, आणि सुटलेला नसतो, कारण पिवळा डाग होता तिथेच आहे.

मी निनादला केमिकल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी करणार होते, म्हणजे त्याला हे माहीत असूनही घाबरल्यामुळे सुचत नाही. दोनदा लिहून खोडलं. वाचक हसतो, पण पात्र मूर्ख दिसतं. शेवटी त्याला यंत्रशाखेतच ठेवला.

इथे अजून एक गोष्ट सांभाळा. भांडी घासायचा पातळ साबण पुष्कळदा उदासीन असतो, त्याने डाग फारसा लाल होत नाही. तुमच्या कथेत लाली हवी असेल तर वडीच हवी. मी आधी पातळ साबण लिहिला होता आणि गॅलरीतल्या शर्टावर तो लाल होईना. वडी आणली तेव्हा झाला.

शर्टाचा मालक कुठे आहे?

उसन्या वस्तूच्या कथेत मालक गावाला गेलेला असतो, हा सोपा मार्ग. मी त्याला घरातच ठेवलं. प्रसाद, सांगलीचा, गोदामात रात्रपाळी करून सहाला आलेला आणि शेजारच्या खोलीत झोपलेला. भिंत पातळ. शर्ट त्याने स्वतःहून दिलाय, ‘घालताना जप’ एवढंच म्हणून. त्याचा हा एकच पांढरा शर्ट.

त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. निनादला फोनवर कुजबुजावं लागतं, आणि पुण्यात आईला ती कुजबुज ऐकू येत नाही, म्हणून ती मोठ्याने बोलते. दुसरं, प्रत्येक क्षणी दार उघडू शकतं. मी ते कथेत एकदाही उघडलं नाही. फक्त मधे एकदा पलीकडे कूस बदलल्याचा आवाज आहे.

फोन: तीन माणसं, एक डाग

आई सदाशिव पेठेत राहते, खाली लॉंड्री आहे. ती मोबाइल कानाला लावून जिना उतरते. बारा पन्नास झालेत. हा भाग माझ्या मते कथेतला सगळ्यात रसाळ, म्हणून इथे मी सैल लिहिलं. संवाद लिहिताना एक ठरवा: आई निनादचं म्हणणं लॉंड्रीवाल्या काकांना सांगते आणि त्यांचं निनादला, म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा येणार. दोन्ही वेळा लिहाल तर वाचक कंटाळेल. मी काकांचं मूळ वाक्य ठेवलं आणि आईचा निरोप बहुतेक ठिकाणी गाळला. जिथे ती बदलून सांगते तिथेच तो ठेवला.

‘काका, हळदीचा डाग आहे, पांढऱ्या सुतीवर.’
‘साबण लावलात?’
‘हो, लाल झालाय.’
‘होणारच. आता विचारताय.’
आई फोनमध्ये म्हणाली, ‘काका म्हणतायत काळजी करू नकोस.’

इथे वाचक हसतो. काकांना विनोद करायचा नाही, त्यांना कुलूप लावायचंय. त्यांचं ज्ञान मात्र खरं हवं, नाहीतर ते नुसते पुणेरी नमुना होतात. म्हणून मी त्यांच्या तोंडी नेमक्या तीन सूचना घातल्या. गरम पाणी लावू नका, इस्त्री तर मुळीच फिरवू नका, उष्णतेने रंग आणखी पक्का बसतो. साबण गार पाण्याने काढून टाका आणि लिंबू लावा, लाली जाईल. आणि मग उन्हात टाका, दोन दिवसांत कळणारही नाही.

‘काका, तिथे ऊन नाहीये.’
काकांनी शटरची काठी हातात घेतली. ‘मग शर्ट पुण्याला पाठवा,’ ते म्हणाले.

एक वाजला. हे वाक्य मी गंमत म्हणून लिहिलं होतं. कथेचा शेवट त्यातच पडलाय हे मला चार दिवसांनी दिसलं. म्हणून सांगते, गौण पात्रांच्या फटकळ वाक्यांकडे परत जाऊन पाहत जा.

उरलेली पंचवीस मिनिटं

आता पात्राला हाताने काम द्या. घाईत वाचकही त्याच्या हातांकडेच बघतो. निनादपाशी काय आहे? व्हिनेगर, टिश्यू पेपर, आणि बाथरूमच्या कपाटातली सॅनिटायझरची बाटली. सॅनिटायझरमध्ये मुख्यतः अल्कोहोल असतं, आणि हळदीचा रंग पाण्यात हटत नसला तरी अल्कोहोलमध्ये विरघळतो. हे ज्ञान त्याला कुठून येणार? मी ते अपघाताने येऊ दिलं: हात पुसताना बोटांवरचा पिवळेपणा टिश्यूवर उतरलेला तो पाहतो.

पद्धत अशी. शर्ट काढून उलटा करायचा. डागाच्या खाली, म्हणजे शर्टाच्या बाहेरच्या बाजूला, घडी केलेला टिश्यू ठेवायचा. आतल्या बाजूने सॅनिटायझर टाकून दुसऱ्या टिश्यूने टेकवत राहायचं, चोळायचं नाही. कडेकडून मधे यायचं, नाहीतर पिवळ्याचं वर्तुळ मोठं होतं. खालचा टिश्यू पिवळा झाला की बदलायचा. मी गॅलरीत केलं तेव्हा पहिले तीन टिश्यू चांगलेच पिवळे आले, सहाव्यानंतर फारसं काही येईना. जे उरलं ते जुन्या पुस्तकाच्या पानासारखं, फिकट. वीस मिनिटांत याहून जास्त होत नाही. कथेतही होऊ देऊ नका. डाग संपूर्ण गेला असं लिहिलंत तर ज्याने घरात एकदा तरी हळद सांडली आहे तो वाचक तिथेच पान उलटेल.

मग गार पाणी, व्हिनेगर, पुन्हा पाणी. ओला भाग हेअर ड्रायरच्या गार हवेवर. मी ड्रायरचं बटण लिहिताना ‘गरमकडे गेलेला अंगठा त्याने मागे घेतला’ एवढंच ठेवलं. काकांची सूचना पुन्हा सांगावी लागली नाही.

पिवळे टिश्यू निनाद कचऱ्याच्या डब्यात टाकतो, वर रिकामं पाकीट ठेवून झाकतो. लक्षात ठेवा, हे टिश्यू पुढे लागणार आहेत.

मुलाखत थोडक्यात उरका

मुलाखत विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या अर्धवेळ कामासाठी आहे, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांचं काम. ती कथेत दोन परिच्छेदांत संपते. वाचकाला नोकरी मिळाली का यात रस असतो, पण कथेचा जीव शर्टात आहे. तो पूर्ण वेळ जॅकेटची चेन वर ओढून बसतो, खोली उबदार, घाम येतोय. बाई दोनदा सांगतात, जॅकेट काढलंत तरी चालेल. तिसऱ्यांदा तो सांगून टाकतो: ‘करी.’ पुढे काय झालं ते मी लिहिलंच नाही. नोकरीचं पुढच्या भागात एका उपवाक्यात कळतं.

शर्ट परत कसा करायचा

खरी कथा इथे सुरू होते असं आता मला वाटतं. मी तीन शेवट लिहून पाहिले.

पहिल्यात निनाद नवा शर्ट घेऊन देतो. सरळ, प्रामाणिक आणि मेलेला शेवट. दुसऱ्यात प्रसाद चिडतो, दोघांचं वाजतं, मग समेट. त्यात दोघंही मला मालिकेतल्यासारखे बोलताना दिसले. तिसरा ठेवला.

निनाद संध्याकाळी येतो तेव्हा प्रसाद उठून स्वयंपाकघरात बसलाय. त्याने कचरा बाहेर नेलाय, म्हणजे टिश्यू पाहिलेत. तो विचारत नाही. निनाद सांगतो, तेही अर्धवट, आणि प्रसाद म्हणतो, ‘ठेव कपाटात, बघू.’ शर्ट महिनाभर अंधाऱ्या कपाटात राहतो. अंधार मुद्दाम आहे. उजेडात राहिला असता तर आपसूक थोडा विटला असता. डिसेंबरच्या सुट्टीत निनादला तिकीट परवडत नाही, पण प्रसाद बहिणीच्या लग्नाला येतोय आणि मुंबईहून सांगलीला जाताना पुण्यात एक दिवस थांबतोय. निनाद त्याच्या बॅगेत आईसाठी चॉकलेटं देतो आणि वर तो शर्ट ठेवतो. काकांच्या सांगण्याप्रमाणे शर्ट पुण्याला पोचतो.

पुढे आई. प्रसाद जेवून झोपलाय, पुन्हा एकदा शेजारच्या खोलीत. आई शर्ट साबण न लावता नुसता भिजवते आणि गच्चीत दोरीवर टाकते, डागाची बाजू दक्षिणेकडे करून, कारण डिसेंबरात ऊन तिकडून येतं. गॅलरीतल्या माझ्या शर्टावरचा फिकट डाग दुसऱ्या संध्याकाळी शोधावा लागत होता, त्यामुळे एका दिवसात तो पुसट होईल इतकंच मी लिहिलं.

शर्ट काढताना तिला कॉलर दिसते. मानेच्या घडीवर घासून विरलेली, धागे सुटलेले. एकच पांढरा शर्ट वर्षानुवर्षं वापरला की कॉलर तिथेच जाते. आणि इथे मला माझी आजी आठवली. विरलेली कॉलर उसवून काढायची, उलटी करून पुन्हा बसवायची, की आतली कोरी बाजू वर येते. ‘कॉलर पालटून घेणे’ म्हणत. अजूनही पेठांमध्ये जुने शिंपी हे करून देतात, थोडं कुरकुरत. आई चार वाजायची वाट पाहते, शिंप्याकडे जाते, बसून राहते.

शेवटचा परिच्छेद असा आहे:

‘प्रसादने शर्ट बॅगेत ठेवण्याआधी सवयीने कॉलरवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग शर्ट उलगडून खिशाखालची जागा पाहिली, पुन्हा कॉलर पाहिली. “काकू,” तो म्हणाला, “हा माझाच का?” आत कुकरची शिट्टी झाली.’

शिट्टीवर माझ्या मैत्रिणीने हरकत घेतली, ‘प्रत्येक कथेत तुझा कुकर वाजतो.’ मी तरी ती ठेवली, कारण नाहीतर आईला उत्तर द्यावं लागलं असतं.

माहीतगाराला वाचायला द्या

मसुदा झाला की तिकडे राहणाऱ्या कोणाला तरी द्या. पण ‘कशी वाटली’ विचारू नका, ‘काय चुकलं’ विचारा. माझी भाची काही वर्षं जर्मनीत होती. तिने दोन गोष्टी काढल्या. एक, रात्रपाळीहून आलेल्या माणसाच्या खोलीशेजारी सकाळी आठला ड्रायर चालवणं म्हणजे तो उठणारच. मी ड्रायर बाथरूममध्ये नेला आणि दार लावून घेतलं. दुसरी, ‘मावशी, इतकं सॅनिटायझर आणि व्हिनेगर ओतल्यावर त्याला वास येत असेल की.’

हे मला सुचलंच नव्हतं. मी चुका पुसायला बसले आणि एक वाक्य जास्तीचं मिळालं. मुलाखतीच्या सुरुवातीलाच बाई काही न बोलता उठतात आणि खिडकी सताड उघडतात. आता जर्मनीत भर थंडीतही खोलीत ताजी हवा घ्यायला खिडकी उघडायची सवय असते, भाचीनेच सांगितलं. त्यामुळे बाईंनी ती वासामुळे उघडली की रोजच्या सवयीने, हे निनादला शेवटपर्यंत कळत नाही.